तळघराचा पंप : खड्डा किती, पंप किती, आणि घंटा कधी?

शहरातल्या पुष्कळ नव्या इमारतींच्या पोटात आता तळघर असतं आणि त्यात गाड्या उभ्या असतात. त्या तळघराच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात लोखंडी चेकर्ड प्लेटचं एक झाकण दिसतं. झाकणाखाली सिमेंटचा चौकोनी खड्डा, खड्ड्यात दोन सबमर्सिबल पंप, बाजूच्या भिंतीवर एक पॅनेल. या खड्ड्याला सगळे सम्प म्हणतात. वर्षाचे आठ महिने त्याच्याकडे कोणी बघत नाही. जूनमध्ये मात्र पन्नास-साठ गाड्या, लिफ्टचा खड्डा, विजेचे मीटर आणि कधीकधी माणसांचा जीवसुद्धा त्या दोन पंपांवर अवलंबून असतो.

सोसायटीच्या बैठकीत सम्पचा विषय निघाला की ‘किती हॉर्सपॉवरचा पंप आहे?’ हा प्रश्न हमखास येतो. तो चुकीच्या जागेवरून सुरू होतो. पाणी किती येणार, ते किती उंच चढवायचं, पंपाने तासाभरात किती वेळा चालू-बंद व्हायचं आणि पंप बंद पडला तर आपल्या हातात किती मिनिटं उरतात, हे आधी ठरवावं लागतं. हॉर्सपॉवर त्या उत्तरांमधून आपोआप निघतो. एक उदाहरण घेऊन हा हिशेब शेवटपर्यंत करून पाहू. गणित शाळेतल्यापेक्षा अवघड नाही.

समजा, मुंबईच्या उपनगरातली एक इमारत आहे. एकच तळघर, क्षेत्रफळ दीड हजार चौरस मीटर, फरशी रस्त्यापेक्षा चार मीटर खाली. गाड्या उतरायला पाच मीटर रुंद आणि चोवीस मीटर लांब रॅम्प, आणि रॅम्पवर छत नाही. म्हणजे १२० चौरस मीटर जागेवरचा पाऊस थेट खाली येणार. रॅम्पच्या बाजूला इमारतीची भिंत आहे. वाऱ्याने तिरपा आलेला पाऊस त्या भिंतीवर आपटतो आणि ओघळून रॅम्पवरच उतरतो. भिंतीच्या क्षेत्रफळाचा काही हिस्सा म्हणूनच हिशेबात धरायचा असतो. आराखड्यात हे बऱ्याचदा विसरलं जातं. आपण त्यापोटी ६० चौरस मीटर धरू. एकूण १८० झाले.

आता पाऊस किती धरायचा? मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी होती आणि ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ती तासाला ५० मिलिमीटरवर नेण्याचं ठरलं. पण हे आकडे शहराच्या नाल्यांचे आहेत. मोठ्या परिसरातलं पाणी नाल्यात गोळा व्हायला वेळ लागतो, त्यामुळे तिथे तासाची सरासरी चालते. रॅम्पवर पडलेला थेंब मिनिटाभरात खड्ड्यात पोचतो. पाच-दहा मिनिटांची जी जोरदार सर येते, तीच तळघराला भिडते, आणि तिचा जोर तासाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून रॅम्पसाठी तासाला १०० मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दुपारी एका तासात १९० मिलिमीटरच्या आसपास पडला होता. तो आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१८० चौरस मीटरवर तासाला १०० मिलिमीटर म्हणजे तासाला १८ हजार लिटर, मिनिटाला ३०० लिटर. यात भिंतींतून आणि फरशीच्या सांध्यांतून झिरपणारं पाणी मिळवायचं. ते अंदाजाने धरण्यापेक्षा मोजता येतं. पाऊस थांबलेला असताना दोन्ही पंप बंद ठेवून खड्ड्यातली पातळी किती वेळात किती चढते, ते घड्याळ लावून बघायचं. आपल्या इमारतीत ते मिनिटाला २० लिटर निघालं असं धरू. एकूण आवक मिनिटाला ३२० लिटर. त्यावर पाव हिस्सा जास्त, कारण पंप झिजतो, पाइपात गाळ बसतो. म्हणजे मिनिटाला ४०० लिटर उपसणारा पंप हवा.

आणि हे ४०० लिटर एकट्या पंपाने उपसले पाहिजेत. सगळ्यात जास्त फसवणूक, जाणूनबुजून किंवा नकळत, इथेच होते. एक ड्यूटी आणि एक स्टँडबाय, म्हणजे एक कामाचा आणि एक राखीव, असं कागदावर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात २०० लिटरचे दोन पंप बसवून बेरीज ४०० दाखवलेली असते. त्या व्यवस्थेत राखीव काहीच नाही. एक पंप जळाला की निम्मी क्षमता गेली. राखीव या शब्दाचा अर्थ असा, की ठरवलेली पूर्ण आवक एकटा पंप झेलतो आणि दुसरा तेवढ्याच ताकदीचा पंप मोकळा असतो. आपल्या इमारतीत ४०० लिटरचे दोन पंप लागतील. यातून एक फायदाही मिळतो. २००५ सारखी तासाला १९० मिलिमीटरची सर आली, तर आवक मिनिटाला सुमारे ५९० लिटर होईल. एक पंप तेव्हा पुरा पडणार नाही, पण दोन्ही मिळून पडतील. अट एकच, बाहेर जाणारा पाइप तेवढा मोठा हवा. दोन्ही पंपांचं पाणी एकाच अरुंद पाइपात सोडलं, तर घर्षण इतकं वाढतं की दुसरा पंप सुरू होऊनही उपसा थोडाच वाढतो. प्रत्येक पंपाचा पाइप ८० मिलिमीटरचा आणि पुढे सामाईक पाइप १०० मिलिमीटरचा ठेवला, तर आपलं काम होतं.

हा सामाईक पाइप रस्त्याच्या पातळीच्या वर नेऊन, तिथे वळण घेऊन मग पर्जन्यजलवाहिनीत सोडायचा. भरतीच्या वेळी वाहिनी तुडुंब असते. पाइप तिच्या पातळीलाच जोडला, तर पंप थांबताच रस्त्याखालचं पाणी उलट दिशेने तळघराकडे यायला बघतं. वळण रस्त्यापेक्षा ६० सेंटिमीटर वर धरू. खड्ड्यातल्या खालच्या पातळीपासून तिथपर्यंतची उंची ५.७ मीटर होते. पाइप, कोपरे आणि व्हॉल्व्ह यांच्या घर्षणासाठी आणखी सव्वा मीटरभर. म्हणजे सात मीटर उंचीवर मिनिटाला ४०० लिटर. पंप विकत घेताना दुकानदाराला हे एवढं एकच वाक्य सांगायचं आणि कंपनीच्या आलेखावर तो बिंदू दाखवायला लावायचा. या कामाला साधारण दोन हॉर्सपॉवरची मोटर पुरते. त्याच दोन हॉर्सपॉवरमध्ये वीस-पंचवीस मीटर उंच पाणी चढवणारा पण थोडंच पाणी देणारा पंपही मिळतो, आणि तो इथे कुचकामी ठरतो.

आता खड्डा. खड्डा मोठा म्हणजे पाणी साठवायला जागा जास्त, म्हणून तळघर सुरक्षित, असं बहुतेकांना वाटतं. खड्ड्याचं काम साठवण हे नाहीच. मोटरला घटकाभर विश्रांती मिळावी, ती सारखी चालू-बंद होऊ नये, यासाठी खड्डा असतो. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट विद्युतप्रवाह ओढते आणि तापते. ती उष्णता निघून जायच्या आत पुन्हा सुरू केली, पुन्हा सुरू केली, की वाइंडिंग जळतं. लहान सबमर्सिबल पंपांना तासाला साधारण दहा ते पंधरा वेळा सुरू होण्याची मुभा असते. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो. आपण दहा धरू, म्हणजे दर सहा मिनिटांनी एकदा.

मग सगळ्यात वाईट वेळ कोणती? धो धो पाऊस ही नव्हे. तेव्हा पंप एकदा सुरू झाला की चालूच राहतो. रिमझिमही नव्हे. तेव्हा खड्डा भरायलाच अर्धा-पाऊण तास लागतो. वाईट वेळ मधल्या पावसाची. आवक पंपाच्या क्षमतेच्या बरोबर निम्मी असते, तेव्हा पंप सर्वाधिक वेळा चालू-बंद होतो. आपल्या पंपाची निम्मी क्षमता म्हणजे मिनिटाला २०० लिटर. पंप सुरू होण्याची आणि थांबण्याची पातळी यांच्यामध्ये ६०० लिटर पाणी मावत असेल, तर ते भरायला तीन मिनिटं लागतात. उपसताना पंप ४०० काढतो आणि २०० येतच असतात, म्हणून रिकामं व्हायलाही तीन मिनिटं. झाली सहा मिनिटांची फेरी. या हिशेबाचं सूत्र असं बनतं: पंपाची मिनिटाची क्षमता गुणिले एका फेरीची मिनिटं, भागिले चार.

खड्डा आतून दीड मीटर बाय दीड मीटर घेतला, तर दर दहा सेंटिमीटरला २२५ लिटर पाणी बसतं. सुरू आणि बंद यांच्यातलं अंतर ३० सेंटिमीटर ठेवलं की ६७५ लिटर झाले. थोडी सवड राहते. हाच खड्डा एक मीटर बाय एक मीटर केला असता, तर त्याच ३० सेंटिमीटरमध्ये ३०० लिटर मावले असते आणि मधल्या पावसात पंप तासाला वीस वेळा सुरू झाला असता. अशा ठिकाणी दर पावसाळ्यात मोटर जळते आणि दोष पंपाच्या कंपनीला दिला जातो. मग कोणीतरी सुचवतं, ‘या वेळी दुप्पट मोठा पंप टाका.’ त्याने दुखणं वाढतं. आपल्या दीड मीटरच्या खड्ड्यात ८०० लिटरचा पंप बसवला, तर तो आणखी झटपट खड्डा रिकामा करेल, लगेच थांबेल आणि तासाला अठराएक वेळा सुरू होईल. मोठ्या पंपाला मोठा खड्डा लागतो. दोघांची निवड एकत्रच करावी लागते.

दोन पंप आळीपाळीने चालवले तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्म्याच वेळा सुरू होणं येतं, मग खड्डा निम्मा का करू नये, असं काही ठेकेदार विचारतात. करू नये. एक पंप दुरुस्तीला गेला की सगळा भार दुसऱ्यावर येतो, आणि खड्डा त्या दिवसासाठी बांधायचा असतो.

आता पातळ्या ठरवू. सगळी मापं खड्ड्याच्या तळापासून. पंप थांबायचा ४० सेंटिमीटरवर. त्याखाली पाणी नेलं तर पंपाची मोटर उघडी पडते. तिला थंड ठेवणारं पाणीच निघून जातं आणि पंप हवा ओढू लागतो. नेमकी किमान पातळी पंपाच्या नकाशावर दिलेली असते. तरीही पाणी ३० सेंटिमीटरवर गेलंच, तर एक वेगळा फ्लोट दोन्ही पंपांचा पुरवठा तोडतो. पहिला पंप सुरू होतो ७० सेंटिमीटरवर. तो सुरू होऊनही पाणी चढत राहिलं, किंवा तो सुरूच झाला नाही, तर राखीव पंप ८५ वर सुरू होतो. धोक्याची घंटा १०० वर. नालीतून खड्ड्यात येणाऱ्या पाइपाचा तळ ११० वर, आणि तळघराची फरशी १५० वर. येणारा पाइप मुद्दाम सगळ्या पातळ्यांच्या वर ठेवला आहे. तो खाली असता, तर पाणी नेहमीच नालीत तुंबून राहिलं असतं, गाळ तिथेच बसला असता आणि पातळीचा सगळा हिशेब बिघडला असता.

या आकड्यांमधल्या अंतरांकडे नीट पाहिलं की घंटेचा खरा अर्थ कळतो. पूर्ण जोराच्या पावसात ७० पासून ८५ पर्यंत पाणी चढायला साधारण एक मिनिट लागतं. ८५ ते १०० आणखी एक मिनिट. घंटा वाजली तेव्हा दोन्ही पंप निकामी असतील, तर फरशीपर्यंत ५० सेंटिमीटर उरलेले असतात. खड्ड्यात तेवढ्या उंचीत ११२५ लिटर मावतात. मिनिटाला ३२० लिटर येत असताना, साडेतीन मिनिटं. पहारेकऱ्याने घंटा ऐकायची, खाली उतरायचं, पॅनेल उघडायचं, हाताने पंप सुरू करून बघायचा, ते साधलं नाही तर कोणाला तरी फोन करायचा, हे सगळं साडेतीन मिनिटांत. नालीत थोडं पाणी मावतं, त्याची आणखी एखाद-दोन मिनिटं मिळतील. तासभराचा पाऊस साठवणारा खड्डा बांधायचा म्हटलं तर जवळपास वीस हजार लिटरची टाकी लागेल, आणि त्यासाठी तळघरातल्या गाड्यांच्या जागा द्याव्या लागतील. कोणी देत नाही. म्हणून बचाव राखीव पंपावर, वीजपुरवठ्यावर आणि लवकर मिळालेल्या इशाऱ्यावर उभा असतो.

यासाठी एकच घंटा ठेवणं मला पटत नाही. राखीव पंप ८५ वर सुरू झाला, ही घटनाच पहिला इशारा आहे. तेव्हा भोंगा वाजवायची गरज नाही. पहारेकऱ्याच्या केबिनमध्ये पिवळा दिवा लागावा आणि देखभाल करणाऱ्याच्या मोबाइलवर निरोप जावा. त्या निरोपाचा अर्थ असा, की पहिला पंप पुरा पडत नाही किंवा बंद आहे, आणि आपण आता राखीव गाठीवर जगत आहोत. पाऊस हलका असताना हा निरोप आला, तर पहिल्या पंपात बिघाड आहे हे शंभर टक्के समजावं आणि दुसऱ्या दिवशीची वाट बघू नये. मोठा भोंगा फक्त १०० साठी राखून ठेवावा. क्षुल्लक कारणांसाठी तोच भोंगा वाजत राहिला, तर पहारेकरी पहिल्याच आठवड्यात त्याची वायर काढून ठेवतो. दोष त्याचा नसतो. सगळ्याच गोष्टींसाठी ओरडणारी यंत्रणा बसवणाऱ्याचा असतो.

या १०० च्या घंटेचा फ्लोट पंपांच्या फ्लोटपेक्षा वेगळा हवा, तिची वायर वेगळी हवी आणि तिला स्वतःची बॅटरी हवी. पंपांचा कंट्रोलर बिघडला म्हणून पाणी चढलं आणि घंटाही त्याच कंट्रोलरवर असली, तर ती वाजणार कशी? वीज गेली म्हणून पंप थांबले आणि घंटाही त्याच विजेवर असली, तर तळघर शांतपणे भरेल. घंटेची जोडणी अशी करावी, की वायर तुटली तरी ती वाजेल. भोंगा गप्प करायचं बटण ठेवायला हरकत नाही, पण पाणी वरच असेल तर दहा मिनिटांनी तो आपणहून पुन्हा वाजायला हवा.

राखीव पंप असूनही तळघर भरल्याच्या गोष्टी आपण ऐकतो. बहुतेक वेळा कारण एकच असतं: दोन्ही पंपांच्या मागे एखादी सामाईक गोष्ट असते आणि नेमकी तीच जाते. दोन्ही पंप एकाच ब्रेकरवर असतात. एका पंपाच्या केबलमध्ये पाणी शिरतं, ब्रेकर पडतो आणि चांगला पंपही बंद होतो. जनरेटर असतो, पण त्यावर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे जोडलेले असतात, सम्प नसतो. किंवा जनरेटर चालू करायची किल्ली सेक्रेटरीच्या घरी असते. आपल्या खड्ड्यात ७० सेंटिमीटरवर पाणी असताना वीज गेली, तर पूर्ण पावसात फरशी गाठायला साडेपाच मिनिटं लागतात. आपोआप सुरू होणाऱ्या जनरेटरला अर्धं मिनिट पुरतं. किल्ली शोधणाऱ्याला साडेपाच मिनिटं पुरत नाहीत.

पॅनेल कुठे आहे, हेही बघावं. पुष्कळ ठिकाणी ते खड्ड्याशेजारीच, कमरेच्या उंचीवर असतं. तळघरात कमरेइतकं पाणी आलं, की ज्याने पाणी काढायचं तेच पाण्याखाली जातं. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते, पण त्यांना तेल पुरवणारे पंप तळघरात होते आणि ते बुडाले. साखळीतली एक कडी खाली राहिली, एवढंच कारण पुरलं. पॅनेल रस्त्याच्या पातळीच्या वर, पहारेकऱ्याच्या केबिनजवळ असावं.

एक बिघाड असा आहे, की तो बघूनही कळत नाही. प्रत्येक पंपाच्या पाइपावर एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा. राखीव पंपाचा हा व्हॉल्व्ह प्लास्टिकचा तुकडा अडकून उघडा राहिला, तर चालू पंपाने वर ढकललेलं पाणी बंद पंपातून पुन्हा खड्ड्यात येतं. मोटर चालल्याचा आवाज येतो, पॅनेलवर विद्युतप्रवाह दिसतो आणि पाणी मात्र तसूभर हलत नाही. लोक पंप बदलतात. बंद पंपाच्या पाइपाला हात लावला तर त्यातून पाणी धावताना जाणवतं, तीच खूण. त्या पाइपावरचा गेट व्हॉल्व्ह बंद केला आणि पातळी लगेच उतरू लागली, तर निदान पक्कं. यासाठी हे दोन्ही व्हॉल्व्ह खड्ड्याच्या बाहेर, हात पोचेल अशा जागी असायला हवेत. खड्ड्यात उतरूनच व्हॉल्व्ह फिरवावा लागत असेल, तर पाणी भरलेलं असताना ते कोणीही करू नये. बंद खड्ड्यात विषारी वायूही असू शकतो.

फ्लोट हाही दुबळा दुवा आहे. चार-पाच फ्लोट आणि दोन पंपांच्या केबल एकाच खड्ड्यात लोंबकळतात. एखादा फ्लोट पंपाच्या साखळीत अडकतो, एखादा येणाऱ्या पाण्याच्या धारेखाली सापडून खाली दाबला जातो आणि पाणी चढल्याचं त्याला कळतच नाही. फ्लोट एका उभ्या पाइपाला ठरलेल्या उंचीवर बांधावेत आणि धारेपासून दूर ठेवावेत. नालीचं पाणी खड्ड्यात येण्याआधी जाळीच्या छोट्या गाळकुंडीतून यायला हवं, म्हणजे गुटख्याच्या पुड्या आणि लाल माती तिथेच थांबतात. तळघरात स्वच्छतागृह असेल, तर त्याचं मैलापाणी या खड्ड्यात आणू नये. त्याला स्वतःचा झाकलेला खड्डा आणि वेगळ्या प्रकारचा पंप लागतो.

राखीव पंप वर्षभर स्वस्थ ठेवला की त्याचं सील चिकटतं, इंपेलर गाळात रुततो आणि गरजेच्या दिवशी मोटर नुसती गुरगुरते. पॅनेलमध्ये पंप दर खेपेला आळीपाळीने सुरू करण्याची सोय असते. ती चालू ठेवावी. प्रत्येक पंपाचे किती तास झाले हे दाखवणारं मीटरही बसवावं. दोघांचे तास जवळपास सारखे वाढत असले तर ठीक. एकाचे वाढतात आणि दुसऱ्याचे नाहीत, तर कोणीतरी निवडीचा खटका एका पंपावर कायम करून ठेवला आहे. जानेवारीतही तास वाढत असतील, तर कुठली तरी पाण्याची टाकी किंवा पाइप गळतो आहे.

हे सगळं नीट केलं, तरी एक मर्यादा आहे आणि ती प्रत्येक रहिवाशाला माहीत असायला हवी. हा सम्प रॅम्पवर पडणाऱ्या पावसासाठी आहे, रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यासाठी नाही. रस्त्यावरचं पाणी रॅम्पच्या माथ्यापेक्षा फक्त दहा सेंटिमीटर वर आलं, तर पाच मीटर रुंदीवरून ते मिनिटाला साधारण सोळा हजार लिटर वेगाने खाली कोसळतं. आपल्या एका पंपाच्या चाळीस पट. दीड हजार चौरस मीटरच्या तळघरात त्याने मिनिटाला एक सेंटिमीटर पाणी चढतं, आणि रस्त्यावरची पातळी वाढली की हा वेग झपाट्याने वाढतो. एखादी खोली असेल तर ती काही मिनिटांत भरते. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत ओल्ड राजेंद्रनगरमध्ये रस्त्यावरचं पाणी इमारतीच्या तळघरातल्या ग्रंथालयात शिरलं आणि तीन विद्यार्थी बुडून गेले. असं पाणी अडवायचं ते वरच. रॅम्पच्या तोंडाशी, रस्त्यावर आजवर तुंबलेल्या पाण्याच्या खुणेपेक्षा उंच असा उंचवटा बांधावा. तेवढी उंची देता येत नसेल, तर दोन्ही बाजूंना खाचा करून त्यात बसणाऱ्या फळ्या तयार ठेवाव्यात. पाणी रॅम्पवरून उतरायला लागलं, की गाडी काढायला कोणी खाली जाऊ नये. तळघराची वीज वरून बंद होईपर्यंत तिथल्या पाण्यात पाय घालू नये.

मे महिना संपायच्या आत प्रत्येक सोसायटीने एक चाचणी करावी. लागतं ते टँकरचं किंवा हायड्रंटचं पाणी, मोजपट्टी आणि घड्याळ. खड्डा ७० सेंटिमीटरच्या थोडा वर भरा, पाणी बंद करा आणि एकच पंप चालवा. ७० वरून ४० वर यायला किती वेळ लागतो ते मोजा. आपल्या उदाहरणातल्या खड्ड्याला एक मिनिट चाळीस सेकंद लागायला हवेत. अडीच मिनिटं लागली, तर ४०० लिटरचा पंप २७० च काढतो आहे आणि पहिल्या मोठ्या सरीत कमी पडेल. हेच दुसऱ्या पंपावर करा. मग मुख्य वीज बंद करून जनरेटरवर करा. शेवटी दोन्ही पंप बंद ठेवून पाणी १०० पर्यंत चढू द्या आणि घंटा केबिनमध्ये ऐकू येते का, हे केबिनमध्ये बसून पाहा. मिळालेले सेकंद आणि तारीख पॅनेलच्या दाराला आतून लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या मे महिन्यात तुलना करता येईल.